४१२ फोटो, तीन वर्ग: पिवळ्या सोयाबीनसाठी प्रीट्रेंड मॉडेल वापरताना ९६ टक्के खरे का खोटे?

मांजराकाठ

सोयाबीन पिवळं पडलं की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो: मोझॅक आलाय, का लोह कमी पडलंय? दोन्हींचा इलाज वेगळा. मोझॅक असेल तर रोगट झाडं उपटायची आणि पांढरी माशी आवरायची. लोह कमी असेल तर फवारणीवर भागतं. पानाच्या फोटोवरून हा फरक सांगणारं मॉडेल करायलोय.

फोटो एकूण ४१२. मोझॅक १५०, लोहाची कमतरता ९२, निरोगी १७०. लातूर, औसा, रेणापूर आणि निलंगा तालुक्यांतली २३ शेतं. काही फोटो पानाजवळून काढलेत, काही कंबरेच्या उंचीवरून.

रेझनेट-१८ शून्यापासून शिकवलं तर टेस्टवर ५८ टक्के आले. तेच मॉडेल इमेजनेटवर शिकलेलं घेतलं, शेवटचा थर बदलून सगळं मॉडेल आपल्या फोटोंवर पुन्हा शिकवलं, तर ९६. इथवर बरं होतं. मग चाकूरकडच्या दोन नव्या शेतांतले ४० फोटो दाखवले, तर २७ च बरोबर. ट्रान्सफर लर्निंगमध्ये नेमकं काय उसनं मिळतं, आणि ९६ चे ६७ कुठं झाले, हे कुणी उलगडून सांगेल का?

गोणपाट

ट्रान्सफर करताना अचूकता घटतेच राव. मोबाईलवर टाकायला मॉडेल बदलून घ्यावं लागतं, रेझनेट-१८ ची फाईल ४५ एमबीच्या आसपास असते, ती आठ बिटांची करून लहान केली की थोडं कमी-जास्त होणारच. कोणतं टूल वापरून फोनवर नेलं ते सांगा.

मांजराकाठ

नाही ओ, अजून लॅपटॉपवरच आहे. ट्रान्सफर म्हणजे फोनवर नेणं नव्हे, दुसऱ्या कामावर शिकलेलं ज्ञान या कामाला लावणं.

बालाघाटी

सरळ आहे. ४१२ फोटो म्हणजे काहीच नाही, मॉडेलनं ते पाठ केलेत. फोटो फिरवा, उलटे करा, रंग हलवा, एकेका फोटोचे दहा करा. चार हजार होतील. मग ट्रेन-टेस्ट वाटणी करा. चार हजार असल्यावर प्रीट्रेंडचीही गरज पडणार नाही. आणि रेझनेट-१८ फार लहान आहे, ५० किंवा १०१ घ्या.

तेरणा

बालाघाटी भाऊ, "पाठ केलेत" इथवर तुमचं बरोबर आहे. पण सांगितलेल्या क्रमानं केलं तर ९६ चे ९९ होतील आणि चाकूरचे ६७ आहेत तिथंच राहतील. एकाच फोटोच्या दहा आवृत्त्या करून मग वाटणी केली, तर सात ट्रेनिंगमध्ये जातात, तीन टेस्टमध्ये. पेपर फुटल्यावर परीक्षा घेण्यातला हा प्रकार आहे.

मांजराकाठ यांच्याकडे तेच जरा सौम्य रूपात झालंय असा माझा अंदाज आहे. २३ शेतांत ४१२ फोटो, म्हणजे एका शेताचे सरासरी अठरा. एकाच दुपारी, एकाच फोनवर, एकाच मातीवर काढलेले. फोटो सरमिसळ करून वाटले की टेस्टमधल्या जवळपास प्रत्येक फोटोचं भावंड ट्रेनिंगमध्ये सापडतं. मॉडेलनं रोग ओळखला नाही तरी चालतं, शेत ओळखलं की पुरे. चाकूरची शेतं त्यानं कधीच पाहिली नव्हती, म्हणून तिथं खरा आकडा बाहेर आला. तेव्हा वाटणी शेतावर करा. एका शेताचे सगळे फोटो एकाच बाजूला.

आता उसनं काय मिळतं ते. इमेजनेटच्या स्पर्धेच्या संचात जवळपास १२ लाख ८० हजार ट्रेनिंग फोटो आहेत, वर्ग एक हजार. सोयाबीनच्या रोगांशी त्याचा काडीचा संबंध नाही. हजारातले शंभराहून जास्त वर्ग तर कुत्र्यांच्या जातीच आहेत. पण त्या जाती वेगळ्या करायच्या म्हणून मॉडेलला कडा, रेघा, रंगांचे सांधे, ठिपके, केसांचा पोत हे सगळं पाहायला शिकावं लागलं. सुरुवातीचे थर हेच करतात, आणि हिरव्या शिरेशेजारचा पिवळा पट्टा पाहायलाही तेच लागतं. रेझनेट-१८ मध्ये १ कोटी १७ लाखांच्या आसपास आकडे शिकायचे असतात. ४१२ फोटोंतून ते शून्यापासून शिकता येत नाहीत, तुमचे ५८ टक्के त्याचाच पुरावा. मॉडेलचं शरीर, म्हणजे शेवटचा सोडून बाकी सगळे थर, तसंच गोठवून ठेवलं आणि फक्त शेवटचा थर नवा बसवला तर शिकायचे आकडे उरतात ५१२ गुणिले ३, अधिक ३. म्हणजे १५३९. एवढं ४१२ फोटोंना झेपतं.

म्हणून सगळं मॉडेल हलवण्याआधी ही साधी पायरी करा. प्रत्येक फोटोचे ५१२ आकडे एकदाच काढून ठेवायचे:

```python
import torch.nn as nn
from torchvision.models import resnet18, ResNet18_Weights

w = ResNet18_Weights.IMAGENET1K_V1
m = resnet18(weights=w)
m.fc = nn.Identity()
m.eval()
prep = w.transforms()
```

`prep` मधून गेलेला फोटो `m` ला दिला की ५१२ आकड्यांची एक ओळ मिळते. अशा ४१२ ओळी म्हणजे `X`. त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन:

```python
from sklearn.pipeline import make_pipeline
from sklearn.preprocessing import StandardScaler
from sklearn.linear_model import LogisticRegression
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold, cross_val_predict

clf = make_pipeline(
    StandardScaler(),
    LogisticRegression(C=0.1, max_iter=2000, class_weight="balanced"))
cv = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=0)
pred = cross_val_predict(clf, X, y, groups=shet, cv=cv)
```

`shet` मध्ये प्रत्येक फोटोच्या शेताचा क्रमांक. ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम आहे. नुसता टक्का टाकू नका. कोणत्या वर्गाचे किती फोटो कुठं गेले ते टाका.

कोरडा_दुष्काळ

माझ्याकडं फोटो नाहीत, मजकूर आहे. पीकविम्याच्या तक्रारींचे साडेतीनशे मराठी संदेश, चार वर्गांत लावलेले. मलाही हेच लागू पडतं का? का मजकुराला वेगळं काही?

तेरणा

विचार तोच, शरीर वेगळं. मराठीवर शिकलेलं मॉडेल घ्या. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचं महाबर्ट आहे, किंवा भारतीय भाषांसाठीचं म्युरिल. वाक्याचे आकडे काढून वर लॉजिस्टिक रिग्रेशन, इथवर सारखंच. पुढे पूर्ण मॉडेल हलवायचं झालं तर लर्निंग रेट ०.००००२ च्या आसपास ठेवा. फोटोंच्या सवयीनं ०.००१ लावला तर दोन-तीनशे पावलांत मॉडेल सगळ्यांना एकच वर्ग द्यायला लागतं. तुमच्याकडे शेताच्या जागी "एकाच माणसानं पाठवलेले" किंवा "एकच मजकूर पुढे ढकललेले" असे गट पडतील. आधी नक्कल-संदेश शोधा. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथं सोयाबीन राहू द्या.

मांजराकाठ

तेरणाताई, केलं. ४१२ पैकी ३२१ बरोबर, म्हणजे ७८ टक्के. फोड अशी:

मोझॅकच्या १५० पैकी १११ बरोबर, ३१ लोहात गेले, ८ निरोगी म्हणून.
लोहाच्या ९२ पैकी ५८ बरोबर, २८ मोझॅकमध्ये, ६ निरोगी म्हणून.
निरोगीच्या १७० पैकी १५२ बरोबर, १० मोझॅकमध्ये, ८ लोहात.

९६ वरून ७८ वर आल्यानं जरा हिरमुसायला झालं.

तेरणा

हिरमुसू नका, घसरण झालेलीच नाही, आधीचा आकडा फुगलेला होता. सगळे डोळे झाकून "निरोगी" म्हटलं तरी १७० भागिले ४१२, म्हणजे ४१ टक्के मिळतात. त्यापेक्षा ७८ बरेच वर आहेत, आणि तेही न पाहिलेल्या शेतांवर.

फोड बघा. निरोगी आणि पिवळं यांत फारशी चूक नाही. गोंधळ मोझॅक आणि लोह यांच्यातच आहे: ३१ आणि २८. तुम्हाला नेमका तोच फरक हवाय. ते ५९ फोटो एका फोल्डरमध्ये काढा आणि एकेक डोळ्यांनी बघा. नवं मॉडेल शोधायच्या आधी हे करा.

शिवारफेरी

पिकाच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो, मॉडेलमधलं मला फारसं कळत नाही.

लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. नव्या, शेंड्याकडच्या पानांवर आधी दिसतं. आपल्याकडं चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचून राहिलेल्या जागी जास्त. मोझॅकमध्ये पिवळे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे पसरतात, ते शिरांची हद्द पाळत नाहीत. म्हणजे सगळा निवाडा शिरांवर आहे. कंबरेच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत शिरा दिसतात का, हे आधी विचारा.

दुसरं म्हणजे लेबल कुणी आणि कशावरून लावली? शंका असलेल्या शेतात फेरस सल्फेटची ०.५ टक्के फवारणी करून आठ-दहा दिवसांनी बघतात. लोह कमी असेल तर पान हिरवं व्हायला लागतं, मोझॅक असेल तर फरक पडत नाही. अशी खात्री केलेली शेतं किती आहेत?

मांजराकाठ

लेबल दोन कृषी पदवीधरांनी लावली, दोघांनी वेगवेगळी. ३६ फोटोंवर त्यांचं एकमत नव्हतं, तिथं तिसऱ्याला विचारून ठरवलं. फवारणी करून पाहिलेली शेतं सहाच.

आणि शिवारफेरी, तुमचा नेम बरोबर बसला. लोहाचे जे २८ मोझॅकमध्ये गेले त्यातले २१ कंबरेच्या उंचीवरचे आहेत.

तेरणा

याचा हिशोब करून बघू. समजा फोटोची लहान बाजू ३००० पिक्सेल आहे. मॉडेलला तो २२४ चा करून मिळतो, म्हणजे जवळपास साडेतेरा पटीनं लहान. एकच पान फ्रेमभर असेल आणि शीर ३० पिक्सेल जाड असेल, तर मॉडेलपर्यंत ती दोन पिक्सेलांची पोचते. कशीबशी दिसते. कंबरेवरून पान चौथाई आकाराचं दिसतं, शीर सात-आठ पिक्सेलांची, ती लहान होऊन अर्धा पिक्सेल राहते. म्हणजे नाहीच. शिरा आणि मधला भाग मिसळून एकसारखा पोपटी रंग उरतो. गेलेली माहिती कोणतंच प्रीट्रेंड मॉडेल परत आणून देत नाही. रेझनेट-१०१ घेतलं तरी त्यालाही तेच २२४ चं चित्र मिळणार.

वर दिलेल्या `prep` मध्ये आणखी एक मेख आहे. तो लहान बाजू २५६ करून मधला २२४ चा चौकोन कापतो. पानाचं टोक किंवा कड त्यात छाटली जाते.

उपाय साधा: मूळ मोठ्या फोटोतून एक पर्णिका हातानं चौकोनात कापून घ्या. ४१२ फोटोंना दोन-तीन तासांचं काम. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो आधीच लहान झालेले असतात, शक्य तिथं मूळ फाईल मागवा. आणि कापल्यावरही शिरा दिसत नसतील तर तो फोटो संचातून काढा.

बालाघाटी

रेझनेट-१०१ चं मान्य, मागे घेतो. पण मग एवढं हातानं कापण्यापेक्षा प्लांटव्हिलेजचा तयार संच का घेत नाही? त्यात ५४ हजारांवर पानांचे फोटो आहेत. सोयाबीनही आहे. आपल्यात मिसळून टाकायचे.

तेरणा

प्लांटव्हिलेजमध्ये ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी. त्याचा एकही रोगट वर्ग त्यात नाही. आणि ते फोटो म्हणजे तोडलेलं पान साध्या एकरंगी पृष्ठभागावर ठेवून काढलेले. ते तुमच्या निरोगी वर्गात मिसळले की मॉडेल पहिल्या फेरीतच शिकेल: मागे एकसारखा रंग असेल तर निरोगी. टेस्टचा आकडा पुन्हा गगनाला भिडेल आणि शिवारात मात्र पुन्हा तोंडघशी.

याच संचावर २०१६ मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी ९९.३५ टक्के अचूकता दाखवली होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि हे त्यांनी स्वतःच त्या लेखात लिहून ठेवलंय. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कुणी सांगत नाही.

मधली पायरी म्हणून तो वापरता येईल. आधी इमेजनेट, मग प्लांटव्हिलेजच्या ३८ वर्गांवर थोडं शिकवणं, ते डोकं, म्हणजे शेवटचा थर, फेकून देऊन मग तुमचे तीन वर्ग. त्यात मिसळण्याचा धोका नाही. फायदा होतो का याबद्दल मात्र मला शंका आहे, एकरंगी पार्श्वभूमीची सवय लागून नुकसानही होऊ शकतं.

शिवारफेरी

पार्श्वभूमीवरून आठवलं. फोटो कोणत्या महिन्यातले आहेत? लोहाची कमतरता पीक तीन-चार आठवड्यांचं असताना दिसते, तेव्हा ओळींमधली काळी माती उघडी असते. मोझॅक बहुतेक पुढे, पीक दाटल्यावर. तुमचं मॉडेल पान बघायलंय का माती?

तेरणा

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

तपासायची रीत अशी. प्रत्येक फोटोत पानावर काळा चौकोन टाका. पानाच्या आकाराची कातरण नको, नाहीतर आकारच चुगली करील. उरलेल्या चित्राचे ५१२ आकडे काढून तेच लॉजिस्टिक रिग्रेशन, तीच शेतवार वाटणी. पान न दिसता आकडा ४१ च्या जवळ किंवा खाली यायला हवा. बराच वर आला तर पार्श्वभूमी लेबल फोडतेय.

मांजराकाठ

६३ टक्के आले. पान न बघता.

लोहाचे ९२ पैकी ७० फोटो जुलैचे आहेत. मोझॅकचे बहुतेक ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. मातीच बघायलंय ते.

गोणपाट

म्हणजे आंधळ्यानं ६३ टक्के मार्क काढले की ओ!

बालाघाटी

मग पान सोडून बाकी सगळं कापूनच टाका. आणि माझं ऑगमेंटेशन वाटणीनंतर, फक्त ट्रेनिंगच्या फोटोंवर केलं तर चालेल ना? तेवढं तरी राहू द्या.

तेरणा

चालेल, आणि करावंच. पण गोठवलेल्या आकड्यांवर नाही, पुढच्या पायरीत. तिथं तीन जागी हात जपा.

पहिली जागा रंग. `ColorJitter` मधला `hue=0.1` दिसायला किरकोळ वाटतो. तो रंगचक्राचा दहावा भाग असतो, म्हणजे ३६ अंश. पिवळा ६० अंशांवर, हिरवा १२० वर. ३६ अंश सरकवलं की पिवळं पान अर्ध्याहून जास्त वाट चालून हिरव्याकडं जातं आणि त्यावर लेबल मात्र "मोझॅक" राहतं. कुत्रं-मांजर ओळखताना हे खपतं, इथं रंग हाच पुरावा आहे. `hue=0.02` च्या वर जाऊ नका. उजेड कमी-जास्त करायला हरकत नाही, ऊन-सावलीचा फरक शेतात असतोच.

दुसरी जागा कापणं. `RandomResizedCrop` मूळ सेटिंगमध्ये चित्राचा ८ टक्के तुकडाही घेतो. मोझॅकच्या पानाचा ८ टक्के तुकडा पूर्ण हिरवा असू शकतो. `scale=(0.6, 1.0)` करा. फिरवणं, आडवं-उभं उलटणं बिनधास्त करा, पानाला वर-खाली नसतं.

तिसरी जागा उघडायचे थर. आधी गोठवलेल्या शरीरावर नवा थर शिकवून घ्या, मगच शरीर उघडा. नवा थर सुरुवातीला यादृच्छिक आकड्यांचा असतो, त्याच्या मोठ्या चुका मागे जातात आणि लाखो फोटोंतून शिकलेलं पहिल्या काही फेऱ्यांतच विस्कटून टाकतात. उघडताना "फक्त शेवटचा गट" म्हणून `layer4` उघडतात. नाव एका गटाचं असलं तरी रेझनेट-१८ च्या त्या गटात जवळपास ८४ लाख आकडे आहेत, शरीराचा तीन-चतुर्थांश. म्हणून लर्निंग रेट तिथं ०.०००१ च्या वर नको, डोक्याला ०.००१ चालेल. पंधरा-वीस एपॉक पुरे.

आणि एक छुपा चोर. थर गोठवले तरी `m.train()` म्हटलं की बॅचनॉर्मची साठवलेली सरासरी बदलत राहते, `requires_grad=False` तिला अडवत नाही. आठ-आठ फोटोंच्या बॅचवर ती भरकटते. लक्षण असं की ट्रेनिंगचा लॉस नीट उतरतो आणि टेस्टचा आकडा दर एपॉकला वीस टक्के वर-खाली उड्या मारतो. दर एपॉकच्या सुरुवातीला हे करा:

```python
m.train()
for x in m.modules():
    if isinstance(x, nn.BatchNorm2d):
        x.eval()
```

मांजराकाठ

सगळं करून आठवड्याभरानं परत आलोय.

पर्णिका कापल्या, पार्श्वभूमी करड्या रंगानं झाकली, शिरा न दिसणारे फोटो मोठ्या मूळ फाईलवरून बदलून घेतले. शेतवार पाच फोल्ड. गोठवलेलं शरीर आणि लॉजिस्टिक रिग्रेशन: मोझॅक १५० पैकी १२६, लोह ९२ पैकी ७०, निरोगी १७० पैकी १५५. एकूण ३५१, म्हणजे ८५ टक्के.

मग ताई म्हणाल्या तसं `layer4` उघडून शिकवलं: ३५७. जेमतेम सहा फोटो वाढले. तीन वेगवेगळ्या सीडवर ३४९ ते ३५९ असं हलतंय. चाकूरच्या दोन शेतांतले ४० फोटोही तसेच कापून-झाकून दाखवले: गोठवलेलं ३३, उघडलेलं ३४.

बालाघाटी

वाढलं ना! ३५७ घ्या.

तेरणा

सीड बदलून दहा फोटो इकडंतिकडं होतात, तिथं सहाच्या वाढीला काय अर्थ? शेतवार मोजा. २३ पैकी किती शेतांत सुधारलं, किती बिघडलं?

मांजराकाठ

९ सुधारली, ७ बिघडली, ७ तशीच.

तेरणा

मग मी गोठवलेलंच ठेवीन. फाईलमध्ये शरीर जसंच्या तसं, वर १५३९ आकडे. पुढच्या हंगामात नवे फोटो आले की मिनिटाभरात पुन्हा शिकवता येतं. ८५ ला ८५ च समजू नका. ८० स्वतंत्र फोटोंवर ८५ आले तरी खरा आकडा ८ टक्के इकडंतिकडं असू शकतो. तुमचे ४१२ स्वतंत्र नाहीत, २३ शेतांत बांधलेले आहेत, म्हणून त्यापेक्षा फार घट्ट धरू नका.

मला वाटतं पुढचे शंभर फोटो सहा शेतांतून आणण्यापेक्षा पंचवीस शेतांतून चार-चार आणावेत. हे अंदाजानं मानू नका, मोजून बघा. ६, १२, १८ शेतं घेऊन शिकवा आणि उरलेल्यांवर तपासा. रेघ अजून चढत असेल तर शेतं वाढवा. सपाट झाली असेल तर अडचण लेबलांत किंवा फोटोंत आहे.

बालाघाटी

हे पटत नाही. १८ शेतं घेतली तर तपासायला पाचच उरतात, त्यावरून रेघ कशी काढायची? आणि शरीर इमेजनेटचंच का? लेबल न लावता कोट्यवधी फोटोंवर शिकवलेली डायनो-व्ही-टू सारखी शरीरं आहेत. ती गोठवून घेतली तर बारीक पोत जास्त चांगला धरतात म्हणे.

तेरणा

पाच शेतांचा मुद्दा खरा आहे. निवड बदलून वीस-तीस वेळा करून सरासरी घ्यावी लागेल, आणि तरी रेघ खडबडीतच येईल. डायनो-व्ही-टू बघण्यासारखं आहे. वरचा कोड जवळपास तोच राहतो, ५१२ च्या जागी लहान आवृत्तीत ३८४ आकडे येतात. चित्राची बाजू मात्र १४ नं भागली गेली पाहिजे. २२४ चालतं, ४४८ सुद्धा, आणि शिरांसाठी मी ४४८ वर बघेन. फोनवर ते जड जाईल.

गोणपाट

आता तरी फोनवर येताय का? तर माझं ऐका. फोनकडच्या कोडमध्ये लाल-निळे चॅनल उलटे वाचले जाण्याची चूक फार होते. ओपनसीव्ही फोटो निळा-हिरवा-लाल अशा क्रमानं देतो, तुमचं मॉडेल लाल-हिरवा-निळा मागतं. उलटं झालं की पिवळं पान आकाशी दिसतं आणि एरर येत नाही, नुसतं चुकीचं उत्तर येतं. लॅपटॉपवरचा एकच फोटो फोनवर चालवा आणि ५१२ आकडे शेजारी ठेवून जुळवा. न जुळल्यास आधी चॅनल, मग 0.485, 0.456, 0.406 ही वजाबाकी झाली का ते.

तेरणा

गोणपाट यांनी धाग्यातली सगळ्यात उपयोगी सूचना शेवटी दिली.

शिवारफेरी

माझी एक शंका तशीच आहे. सप्टेंबरअखेर पीक पक्व होताना पानं आपोआप पिवळी पडतात. पालाशच्या कमतरतेत पानांच्या कडा पिवळ्या होतात. असा फोटो आला तर हे मॉडेल काय म्हणेल? आणि एकाच पानावर मोझॅक आणि लोह दोन्ही असेल तर?

तेरणा

तीनपैकी एक नाव सांगेल, आणि बहुतेक वेळा ठासून. त्याला "यातलं काही नाही" म्हणायला शिकवलेलंच नाही. सगळ्यात मोठी शक्यता ०.८ च्या खाली असेल तर उत्तर न देणं हा एक मार्ग, पण अनोळखी फोटोवरही ०.९५ येऊ शकतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. पक्व पानांचे आणि पालाशचे साठ-सत्तर फोटो घेऊन चौथा वर्ग "इतर" करणं जास्त बरं. दोन्ही एकत्र असलेल्या पानासाठी तीनातून एक निवडण्याऐवजी दोन वेगळे हो-नाही प्रश्न करावे लागतील, मोझॅक आहे का आणि लोह कमी आहे का. त्यासाठी लेबलं पुन्हा लावावी लागतील. मांजराकाठ, त्या ३६ वादाच्या फोटोंत असे किती निघतात?

मांजराकाठ

दोघांनाही पुन्हा दाखवले. एकाच्या मते अकरा, दुसऱ्याच्या मते चार. फवारणी करून पाहिलेल्या सहा शेतांतला त्यात एकही फोटो नाही, त्यामुळं कोण बरोबर ते या हंगामात कळायचं नाही.